आधी स्ट्रीक, मग बंदूक: कॉल ऑफ ड्यूटी मोबाईलमध्ये लोडआउट कसा बांधायचा

२०२० च्या सप्टेंबरमध्ये पबजी मोबाईलवर बंदी आली आणि आमचं चौघांचं टोळकं, म्हणजे मी, माझे दोन आतेभाऊ आणि त्यांचा एक मित्र, कॉल ऑफ ड्यूटी मोबाईलकडे वळलो. पबजीत विमानातून उडी मारताना हात रिकामे असतात आणि खाली घराघरात जे सापडेल त्यावर भागवायचं असतं. इथे उलटं आहे. इथे डबा, म्हणजे बंदूक आणि बाकी सामानाचा लोडआउट, घरूनच भरून न्यायचा, आणि डबा चुकला तर अख्खी मॅच उपाशी. हे कुणी सांगितलं नव्हतं. मी एम४ बंदुकीला सगळ्यात मोठा दिसणारा स्कोप लावला, पर्क, म्हणजे खेळाडूला मॅचभर मिळणाऱ्या छोट्या सवलती, होते तसेच ठेवले, आणि स्ट्रीकचा, म्हणजे न मरता खेळल्याच्या बक्षिसांचा, टॅब तर महिनाभर उघडलाच नाही. समोरच्यांचं हेलिकॉप्टर आमच्या डोक्यावर फिरायचं आणि आमच्याकडे काहीच का येत नाही, याचं मला नवल वाटायचं.

या लेखात तो महिना वाचवायचा प्रयत्न आहे. सांगायचं मुख्य एकच: बहुतेक नवे लोक बंदुकीपासून सुरुवात करतात आणि उरलेलं घाईत भरतात. क्रम उलटा ठेवा. आधी काम, मग स्ट्रीक, मग पर्क, आणि बंदूक सगळ्यात शेवटी.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

वायरचा हेडफोन हवा, कारण पावलांच्या आवाजावर निम्मा खेळ चालतो आणि ब्लूटूथमध्ये आवाज किंचित मागे राहतो. एक वही किंवा फोनमधली नोट. आणि बॉट्सविरुद्ध चार-पाच सराव सामने खेळायची तयारी. पैसे लागत नाहीत. लकी ड्रॉमधल्या चमचमत्या बंदुकांचा मारा मूळ बंदुकीइतकाच असतो. फरक पडला तर लोखंडी साइट थोडी मोकळी दिसण्यापुरता पडतो, आणि त्यासाठी पहिल्या महिन्यात खिसा रिकामा करू नका.

१. आधी काम ठरवा

डॉमिनेशनमध्ये तीन झेंडे असतात, हार्डपॉइंटमध्ये जागा बदलणारा एक चौकोन, सर्च अँड डिस्ट्रॉयमध्ये राउंडला एकच जीव. या तिन्हींत एकच लोडआउट वापरणं म्हणजे लग्नाला आणि शेतावर एकच चप्पल घालणं.

एका वाक्यात लिहून पाहा: "मी मधला बी झेंडा धरून ठेवणार." किंवा "मी बाजूने फिरून मागून येणार." असं वाक्य सुचत नसेल तर अजून लोडआउट बनवू नका, आणखी दोन मॅच खेळा आणि आपण जास्त वेळ कुठे मरतो ते बघा. या लेखात मी पहिलं वाक्य धरून पुढे जाते, कारण नव्या माणसाला ते सगळ्यात लवकर जमतं.

२. तीन स्ट्रीक निवडा, आणि त्यांचा हिशेब करा

स्ट्रीक म्हणजे न मरता स्कोअर जमवल्याचं बक्षीस. मेलात की मीटर शून्यावर. मात्र एकदा मिळालेली आणि न वापरलेली स्ट्रीक मेल्यावरही हातात राहते. एका वेळी तीनच नेता येतात आणि त्या मॅचच्या आधी निवडायच्या असतात. प्रत्येकीची किंमत तिच्या कार्डावर लिहिलेली असते. सीझनप्रमाणे ती बदलते, म्हणून जुन्या व्हिडिओतला आकडा धरू नका.

ही पद्धत आली कुठून हे कळलं की निवड सोपी होते. २००७ च्या कॉल ऑफ ड्यूटी ४ मध्ये निवड नव्हतीच. तीन किलला यूएव्ही म्हणजे टेहळणी विमान, पाचला हवाई हल्ला, सातला हेलिकॉप्टर, सगळ्यांना तेच. २००९ च्या मॉडर्न वॉरफेअर २ मध्ये पंधरांतून तीन निवडायची मुभा आली, आणि स्ट्रीकने केलेले किलही पुढच्या स्ट्रीकसाठी मोजले जाऊ लागले. त्यातून ७, ११, २५ ही साखळी निघाली: सात किलला हॅरियर विमान आणायचं, त्याने केलेल्या किलवर अकराचा चॉपर गनर मिळवायचा, आणि चॉपरच्या किलवर पंचवीसचा अणुबॉम्ब, ज्याने मॅचच संपायची. स्वतःच्या हाताने मारायचे ते जेमतेम सात. पुढच्याच वर्षी आलेल्या ब्लॅक ऑप्समध्ये स्ट्रीकचे किल पुढे मोजणं बंद झालं. २०१२ च्या ब्लॅक ऑप्स २ ने किलऐवजी स्कोअर मोजायला घेतलं, म्हणजे झेंडा घेणाऱ्यालाही स्ट्रीक मिळू लागली. मोबाईलवरचा खेळ याच शेवटच्या विचारावर चालतो.

म्हणून नव्या खेळाडूसाठी पहिला धडा: झेंड्यावर उभे राहा. तुमचा नेम कच्चा असेल तरी झेंडा घेतल्याचा स्कोअर मीटरमध्ये पडतो.

आता हिशेब. एका किलला १०० स्कोअर धरू. चार किल न मरता करणं तुम्हाला बऱ्यापैकी जमतं, आठ किल कधीतरीच. मग तीन महागड्या स्ट्रीक लावल्या तर मॅचभर हाती काही लागणार नाही. मी हेच केलं होतं. शेवटी स्ट्रीकचा टॅब उघडला तेव्हा सगळ्यात मोठ्या तीन निवडल्या, आणि दहा मॅचमध्ये स्टेल्थ चॉपर एकदाच मिळालं, तेही मॅच संपायला चार सेकंद असताना.

पायऱ्यांसारखी मांडणी करा. पहिली स्ट्रीक अशी, जी साधारण प्रत्येक दुसऱ्या-तिसऱ्या जिवात मिळेल. दुसरी मॅचमध्ये दोन-तीनदा, आणि तिसरी चांगल्या दिवशी एकदा. पहिल्या पायरीवर यूएव्ही ठेवा. ते कुणाला मारत नाही, पण शत्रू मिनीमॅपवर लाल ठिपक्यांनी दिसतात आणि ते तुमच्या सगळ्या टीमला दिसतात. कुठून येतायत हे कळल्यावर पुढचे दोन किल सोपे जातात, म्हणजे पहिली स्ट्रीक दुसरीची किंमत भरते. दुसऱ्या पायरीवर बी झेंड्यासाठी मी प्रिडेटर मिसाईल ठेवते, कारण समोरचे झेंड्यावर गठ्ठ्याने येतात. तिसरीवर सेंट्री गन. ती आकाशातल्या स्ट्रीकइतकी दिमाखदार नाही, पण झेंड्याच्या तोंडाशी उभी केली की एक वाट तुमच्यासाठी राखते.

इथला सापळा: मिळालेली स्ट्रीक जपून ठेवणं. "योग्य वेळ" येईल म्हणून थांबतो आणि मॅच संपते. प्रिडेटर सोडताना मात्र भिंतीआड जा. ते चालवत असताना तुमचा खेळाडू जागच्या जागी उभा असतो, आणि बिनबचावाचा.

३. पर्क: लाल, हिरवा, निळा

पर्क तीन रंगांत येतात आणि प्रत्येक रंगातला एकच घेता येतो. म्हणून "हा पर्क चांगला आहे का" हा प्रश्न चुकीचा. त्याच रंगातला दुसरा कोणता सोडतोय, हे विचारा.

निळ्यापासून सुरू करू, कारण तिथे हार्डलाइन आहे आणि त्याबद्दल गैरसमज फार. हार्डलाइन किलमधून मिळणारा स्ट्रीकचा स्कोअर २५ टक्क्यांनी वाढवतो. म्हणजे १०० चे १२५. ऐकायला मस्त, पण अर्धा किल असं काही नसतं. ४०० ची स्ट्रीक हार्डलाइनशिवाय चार किलला मिळते. हार्डलाइन लावून तीन किलचे ३७५ होतात, म्हणजे २५ कमी, म्हणजे पुन्हा चारच किल. नुसत्या किलवर खेळत असाल तर तिथे हा पर्क वाया. ५०० ला तो पाचाचे चार करतो. ७५० ला आठाचे सहा, आणि १००० ला दहाचे आठ. तेव्हा आपल्या तीन स्ट्रीकच्या किमती घ्या, १०० ने भागा, १२५ ने भागा, दोन्ही वेळा वरच्या पूर्ण संख्येवर न्या आणि फरक बघा. तिन्हींत मिळून एखाद-दुसराच किल वाचत असेल तर त्या जागी डेड सायलेन्स घ्या, ज्याने तुमच्या पावलांचा आवाज दबतो. झेंडा धरून बसणाऱ्याला मात्र पावलांचा आवाज लपवून फारसं मिळत नाही, त्याचा ठावठिकाणा सगळ्यांना माहीतच असतो. म्हणून आपल्या उदाहरणात हार्डलाइन ठेवू.

हिरव्यात नव्या लोकांचा हात आपोआप घोस्टवर जातो, कारण तो यूएव्हीपासून लपवतो. जुन्या भागांत हा पर्क लावून कोपऱ्यात दबा धरणाऱ्यांनी इतका वैताग दिला, की ब्लॅक ऑप्स २ मध्ये घोस्ट साधारणपणे चालत असतानाच काम करेल असा नियम आला. बाजूने फिरून मागून येणाऱ्याला घोस्ट सोन्यासारखा. बी झेंड्यावर उभ्या माणसाला टफनेस बरा, त्याने गोळी लागल्यावर नेम उडण्याचं प्रमाण कमी होतं. समोरासमोरच्या गोळीबारात हा फरक लगेच जाणवतो.

लालमध्ये फ्लॅक जॅकेट. झेंड्यावर ग्रेनेडचा पाऊस पडतो आणि हा स्फोटाचं नुकसान कमी करतो, एवढं कारण पुरे. लालमधलाच पर्सिस्टन्स नव्यांना भुलवतो: मेल्यावरही स्कोअर टिकतो! पण त्या बदल्यात स्ट्रीकची किंमत वाढते. २०११ च्या मॉडर्न वॉरफेअर ३ मध्ये याच विचाराचं सपोर्ट पॅकेज होतं. मेलं तरी मोजणी चालू राहायची, पण त्यातल्या स्ट्रीक बहुतेक मदतीच्याच. फुकट काही नाही, तेव्हाही नव्हतं. पर्सिस्टन्स लावून आपण निष्काळजी खेळायला लागतो हा माझा अनुभव, म्हणून मी तो काढला.

४. बंदूक आणि तिच्या पाच अटॅचमेंट

गनस्मिथमध्ये नऊ जागा दिसतात: मझल, बॅरल, ऑप्टिक, स्टॉक, बंदुकीचा वेगळा पर्क, लेझर, अंडरबॅरल, अॅम्युनिशन आणि रिअर ग्रिप. भरता येतात फक्त पाच. शिवाय जवळजवळ प्रत्येक अटॅचमेंट एका हाताने देते आणि दुसऱ्या हाताने घेते. हिरव्या आकड्यांवर भाळून खालचे लाल आकडे न वाचणं ही इथली सगळ्यात मोठी चूक.

कोणता आकडा महत्त्वाचा हे समजायला एक छोटं गणित करू. खेळाडूची तब्येत १००. हिशेबासाठी एक रायफल धरा, जी मिनिटाला ७५० गोळ्या सोडते. मिनिटात ६०,००० मिलिसेकंद, म्हणजे दोन गोळ्यांमध्ये ८० मिलिसेकंद. जवळून एका गोळीचं नुकसान ३४ असेल तर तीन गोळ्या लागतात. पहिली गोळी शून्य वेळेला सुटते, म्हणून दोन अंतरं, १६० मिलिसेकंद. ठरावीक अंतराच्या पलीकडे तेच नुकसान २६ वर येतं, मग चार गोळ्या, तीन अंतरं, २४० मिलिसेकंद.

आता त्यात बंदूक डोळ्याला लावायचा वेळ मिळवा, ज्याला सगळे एडीएस म्हणतात. समजा तो २५० मिलिसेकंद आहे. एखादी अटॅचमेंट त्यातून ३० वाचवते. पण तिच्यामुळे बंदूक जास्त उसळली आणि एकच गोळी चुकली, तर ८० गेले. म्हणजे तुमची एक गोळी हमखास चुकत असेल तर वेगाची अटॅचमेंट तोट्याची आहे, आणि गोळ्या चुकत नसतील तर फायद्याची. यूट्यूबवरच्या कसलेल्या खेळाडूची बंदूक तुमच्या हातात चालत नाही ती याच कारणाने. तो एडीएसचा वेळ कमी करून उसळी पत्करतो, कारण त्याचा अंगठा ती उसळी खाली ओढतो. तुमचा अजून ओढत नाही.

लांब बॅरलचं कामही याच गणितात दिसतं. ती नुकसान वाढवत नाही, ३४ चे २६ होण्याची हद्द पुढे ढकलते. तुमच्या लढाया त्या हद्दीच्या आतच होत असतील तर बॅरल वाया. क्रॉसफायर नकाशावरच्या लांबलचक रस्त्यावर ती लागते, बी झेंड्याच्या आसपास कोपऱ्यावरच्या भेटीत लागत नाही.

आपल्या झेंडेवाल्यासाठी मी म्हणेन: मध्यम पल्ल्याची रायफल, आधी फक्त दोन अटॅचमेंट. एक उसळी कमी करणारी, एक मॅगझीन मोठं करणारी, कारण झेंड्यावर दोघं-तिघं एकदम येतात आणि रीलोड करताना मरणं हा ठरलेला शेवट असतो. दोन मॅच खेळा. मग गरज दिसेल तशी तिसरी लावा. बंदुकीची स्वतःची साइट चालत असेल तर ऑप्टिकवर जागा घालवू नका. माझा तो मोठा स्कोप जवळच्या लढाईत अर्धा पडदा झाकायचा आणि एडीएसही खायचा.

सायलेन्सरबद्दल दोन शब्द. साधी बंदूक झाडली की तुम्ही शत्रूच्या मिनीमॅपवर लाल ठिपक्याने उमटता. सायलेन्सर हे थांबवतो. मागून येणाऱ्याला तो हवाच, झेंड्यावरच्याला नको. तिथे तुम्ही आहात हे झेंडाच सांगतो.

बदल केला की गनस्मिथमधूनच बंदूक चाचणीला न्या आणि भिंतीवर एक अख्खं मॅगझीन रिकामं करा. भोकांचा माग बघा. वर सरळ चढत असेल तर अंगठ्याने ओढता येतो. डावी-उजवीकडे विखुरत असेल तर सवयीनेही आवरत नाही, तिथे अटॅचमेंटच बदला.

५. उरलेल्या जागा

दुसरी बंदूक पिस्तूलच ठेवा, ते काढायला झटपट असतं. टॅक्टिकलमध्ये ट्रॉफी सिस्टीम झेंड्याजवळ ठेवली की येणारे ग्रेनेड हवेतच फोडते, ही जोडी फ्लॅक जॅकेटसोबत छान जमते. ऑपरेटर स्किल जी मिळाली असेल ती लावा. पहिल्या महिन्यात तिच्यावर डोकं घालवण्यात अर्थ नाही.

६. दुसरा लोडआउट राखीव ठेवा

मॅच चालू असताना लोडआउट बदलता येतो. बदल पुढच्या जन्मी लागू होतो, आणि नव्यांपैकी फारच थोडे हे वापरतात. समोरच्याकडे स्टेल्थ चॉपर आलं की टीममधले पाचही जण त्याच्याखाली पुन्हा पुन्हा मरतात आणि तो हसत पुढची स्ट्रीक मिळवतो. एक लोडआउट फक्त यासाठी बांधा: दुसऱ्या बंदुकीच्या जागी एफएचजे-१८ रॉकेट लाँचर, जो हवेतल्या स्ट्रीकवर लॉक होतो, आणि हिरव्यात कोल्ड-ब्लडेड, ज्याने आपोआप नेम धरणाऱ्या स्ट्रीक तुम्हाला पकडत नाहीत. तुमची सेंट्री जशी दुसऱ्याला छळते तशीच दुसऱ्याची तुम्हाला छळणार आहे, तिथेही हाच पर्क कामाला येतो. एका जिवापुरता हा लोडआउट घ्यायचा, चॉपर पाडायचं आणि परत आपल्या जागेवर.

आमच्या टोळक्यात हे काम धाकट्या आतेभावाकडे आहे. त्याचे किल सगळ्यांत कमी असतात आणि तो नसला की आम्ही हरतो.

७. दहा मॅचची वही

एका वेळी एकच गोष्ट बदला. पर्क, बॅरल आणि स्ट्रीक एकदम बदललं तर काय लागू पडलं ते कळणार नाही. प्रत्येक मॅचनंतर तीनच नोंदी: कुठली स्ट्रीक किती वेळा मिळाली, बहुतेक वेळा कशाने मेलात, आणि मरताना मॅगझीनमध्ये गोळ्या होत्या का.

दहा मॅचनंतर वही वाचा. तिसरी स्ट्रीक एकदाही मिळाली नसेल तर ती खाली आणा, नेम सुधारायची वाट बघू नका. ग्रेनेडने मरणं थांबलं असेल तर फ्लॅक जॅकेट आपलं काम करतोय, आणि तो काढून वेगाने पळवणारा लाइटवेट लावायचा मोह आवरा. मॅगझीन रिकामं असताना मरत असाल तर मोठं मॅगझीन लावा किंवा गोळ्या जपून सोडा. आणि मॅगझीन भरलेलं असताना, एकही गोळी न सोडता मरत असाल, तर लोडआउटमध्ये काही बदलू नका. तुम्ही चुकीच्या कोपऱ्याकडे बघत उभे होता.

माझ्या पहिल्या वहीत दहापैकी सहा नोंदी अशाच होत्या.